चीजसोबत रेड वाइनच? या चुका टाळा

चीज म्हटलं की रेड वाइन, हा समज इतका पक्का आहे की लोक डोळे झाकून काबर्ने सोव्हिन्यॉनची बाटली उघडतात. ताटलीत ब्री, रोकफोर आणि कोंते असेल, तर या बाटलीचं त्यातल्या दोघांशी जमत नाही.

ब्रीचा घास आणि वर वाइनचा घोट घेतल्यावर तोंड कडवट झालं, धातूसारखी चव आली, तर वाइन बिघडली असं समजू नका. कोऱ्या कडक चहाने जीभ आवळते तसं कोवळ्या रेडमधलं टॅनिन तोंड आवळतं. ब्रीची पांढरी साल बुरशीची, मुळातच जराशी कडवट. दोन्ही एकत्र आले की कडवटपणा चढतो. साल काढून नुसता आतला मऊ भाग त्याच वाइनबरोबर खाऊन बघा, फरक लगेच कळेल. ब्री, कामांबेरला खरी जोड कोरड्या स्पार्कलिंगची किंवा शाब्लीसारख्या आंबटसर व्हाइटची. आंबटपणामुळे साय जिभेवर साचून राहत नाही. सालीला अमोनियाचा उग्र वास मारत असेल, तर मात्र चीजच जास्त पिकलंय आणि तिथे कुठलीच वाइन कामाची नाही.

‘जहाल चीजला जहाल वाइन’ हा नियम ब्लू चीजपाशी सपशेल पडतो. रोकफोर भलतंच खारट असतं आणि त्याला कोरडी, टॅनिनवाली रेड दिली की दोघंही बोचरे लागतात. त्याला गोडवा हवा, म्हणून फ्रान्समध्ये रोकफोरबरोबर सोतर्न घेतात आणि इंग्लंडमध्ये स्टिल्टनबरोबर पोर्ट. ही पोर्ट बहुतेकदा लाल असते, तिच्यात टॅनिनही असतं, पण साखर ते सांभाळून घेते. म्हणजे इथे रंगापेक्षा गोडी महत्त्वाची. नाशिककडची लेट हार्वेस्ट शेनँ ब्लाँ याच कामाची. जेमतेम गोड वाइन मात्र घेऊ नका, मिठापुढे ती फिकी पडते.

रेडचं खरं जमतं ते जुन्या चेडर किंवा गौडाशी, कारण चीजमधली प्रथिनं टॅनिनला बांधून ठेवतात आणि घोट मऊ लागतो. कोंतेला मात्र मी त्याच्याच झ्युरा भागातली व्हाँ झोन देईन. ती व्हाइट आहे, अक्रोडासारख्या चवीची.

यावरून ‘ज्या मातीतलं चीज, त्याच मातीतली वाइन’ हा नियम आठवेल. शाव्हिन्योलचं बकरीच्या दुधाचं चीज आणि सान्सेर यांच्या बाबतीत तो अचूक आहे. पण कामांबेर नॉर्मंडीचं आणि तिथलं पेय सफरचंदाची सायडर. बर्गंडीतलं एपॉइस तर इतकं उग्र असतं की तिथल्याच नाजूक, जुन्या पिनो न्वारचा मागमूस उरत नाही.

काबर्ने उघडून झालीच असेल, तर ती कोंतेबरोबर प्या आणि ब्रीची साल काढा. रोकफोरवर थोडा मध घालून ते वाइन संपल्यावर खा.