सुपरमार्केटसमोर नवा खाऊ मांडताना स्लाइडमधील या चुका टाळा

आर्वी, पुसद किंवा अचलपूरसारख्या गावातील बेकरीमालक वर्धा, यवतमाळ वा अमरावतीच्या सुपरमार्केटकडे नवा पदार्थ घेऊन जातो, तेव्हा त्याच्या सादरीकरणातील पहिल्या तीन-चार स्लाइड बहुधा बेकरीविषयीच असतात. स्थापनेचे वर्ष, वडिलांचा फोटो, नव्या भट्टीचे उद्घाटन आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते ही माहिती, असा त्यांचा क्रम असतो. समोर बसलेल्या खरेदी व्यवस्थापकाला मात्र वेगळ्याच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. शेल्फवरचे चालू पाकीट काढून त्या जागी हे ठेवले तर दुकानाला किती सुटेल, ते आठवड्याला किती खपेल आणि खपले नाही तर परत कोण नेईल, एवढेच त्याला हवे असते, आणि त्याची उत्तरे सातव्या-आठव्या स्लाइडवर येईपर्यंत तो "रेट किती?" असे विचारून मोकळा झालेला असतो. हा प्रश्न मध्येच आला, तर स्लाइडचा क्रम चुकला आहे असे खुशाल समजावे.

पुढील चर्चेसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आर्वी तालुक्यातील एका बेकरीने ज्वारीचे पीठ आणि जवस घालून भाजलेली खारी पट्टी तयार केली आहे. पाकीट १५० ग्रॅमचे असून एमआरपी ४० रुपये आहे, आणि तीन शाखा असलेल्या एका सुपरमार्केटला ती दाखवायची आहे. अशा भेटीसाठी सहा स्लाइड पुरतात. पहिलीवर पाकिटाचा समोरचा आणि मागचा फोटो, वजन, एमआरपी आणि टिकण्याचे दिवस असावेत. दुसरीवर आजवरचा खप, तिसरीवर दर आणि मार्जिन, चौथीवर टिकाऊपणा व खोक्याचा आकार, पाचवीवर पुरवठा, परतावा आणि उधारी, तर सहावीवर नेमकी मागणी मांडावी. बेकरीची कथा पहिल्या स्लाइडच्या तळाशी एका ओळीत बसते. एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, जीएसटी आणि उद्यम नोंदणी, बारकोड यांच्या प्रती छापून हातात द्याव्यात, कारण पडद्यावर प्रमाणपत्रांचे फोटो कोणीही वाचत नाही.

मार्जिनची टक्केवारी चुकीच्या आकड्यावर काढणे

सर्वाधिक बोलणी याच स्लाइडवर फिसकटतात. बेकरीमालक आपला दर ३२ रुपये धरतो, त्यावर २५ टक्के म्हणजे ८ रुपये चढवतो, एमआरपी ४० होते आणि स्लाइडवर "२५ टक्के मार्जिन" असे लिहितो. दुकानदार मार्जिन एमआरपीवर मोजतो. त्याच्या हिशेबात ४० पैकी ८ म्हणजे २० टक्केच होतात, आणि समोरच्याला हिशेब येत नाही किंवा तो फुगवून सांगतो, असा त्याचा समज होतो. खरोखर २५ टक्के द्यायचे असतील, तर बिलाचा दर ३० रुपये हवा. खरेदी व्यवस्थापक स्लाइड पाहता पाहता मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडू लागला, तर टक्केवारी लिहिली आहे पण रुपये लिहिलेले नाहीत, असा त्याचा अर्थ असतो. म्हणून "एमआरपी ४०, बिलाचा दर ३० (जीएसटीसह), दुकानाचे मार्जिन एमआरपीच्या २५ टक्के" अशी एकच ठळक ओळ द्यावी.

याच ओळीत जीएसटीचाही पेच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, खारी यांसारख्या बेकरी पदार्थांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि एमआरपीमध्ये तो धरलेला असतो. बेकरीची नोंदणी नियमित असेल, तर ३० रुपयांच्या बिलात मूळ किंमत २८.५७ आणि कर १.४३ असतो, आणि या १.४३ रुपयांचे क्रेडिट दुकानाला मिळते, म्हणजे तेवढी रक्कम ते आपल्या करातून वजा करते. बेकरी छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल, तर तिला बिलात कर दाखवताच येत नाही, म्हणून दुकानाला क्रेडिटही मिळत नाही. तरीही विकताना दुकानाला आपल्या ४० रुपयांतून १.९० रुपये कर भरावाच लागतो. त्यामुळे त्याच ३० रुपयांच्या दरात त्याच्या हाती ९.५२ ऐवजी ८.१० रुपये उरतात. कंपोझिशनमधील बेकरीने तेवढेच मार्जिन द्यायचे तर दर २८.५७ ठेवावा लागेल. हे घरीच ठरवून जावे. बैठकीत लेखापालाने प्रश्न काढल्यावर दर खाली आणला, तर आणखी खाली येण्याची वाट मोकळी होते.

स्लाइडवर दाखवायचा नाही, पण खिशात हवाच असा दुसरा हिशेब बेकरीच्या स्वतःच्या नफ्याचा. समजा एका पाकिटाचा कच्चा माल, पाऊच, मजुरी, इंधन, खोके आणि वाहतूक मिळून २१.५० रुपये खर्च येतो. नियमित नोंदणी असताना २८.५७ मधून ७.०७ उरतात. शंभरातील पाच पाकिटे मुदत संपून परत आली, तर उरलेले ५.६४ होतात. आता दुकानाने "दहावर एक फ्री" अशी स्कीम मागितली, तर सरासरी दर २५.९७ वर येतो आणि परतावा धरून पाकिटामागे ३.१७ रुपये शिल्लक राहतात. मार्जिन ३० टक्के आणि वर हीच स्कीम, अशी मागणी मान्य केली, तर हाती जेमतेम दीड रुपया लागतो आणि डिझेल महागले की तोही जातो. हे आकडे आधी मांडलेले असले की स्कीम फक्त पहिल्या मागणीपुरती, हे वाक्य न अडखळता बोलता येते.

दिलेला माल म्हणजे खपलेला माल समजणे

"आम्ही दीड महिन्यात २४० पाकिटे दिली" हे वाक्य खपाच्या स्लाइडवर फार दिसते, आणि अनुभवी खरेदीदार त्यावर लगेच विचारतो की किती परत आली. गावातील किराणा दुकानदार ओळखीखातर पाकिटे ठेवून घेतो, त्यामुळे दिलेल्या मालाचा आकडा गिऱ्हाइकाविषयी काहीच सांगत नाही. वरील बेकरीने चार दुकानांत सहा आठवडे माल ठेवला आणि २४० पैकी २२ परत आली, ६० अजून फळीवर आहेत, तर खपलेली पाकिटे १५८ होतात. चार दुकाने आणि सहा आठवडे म्हणजे २४ दुकान-आठवडे, म्हणून दर दुकानामागे आठवड्याला सुमारे साडेसहा पाकिटे हा खरा आकडा निघतो. तो लहान वाटला तरी तोच लिहावा, कारण पुढच्या सगळ्या स्लाइड त्याच्यावर उभ्या राहतात.

आठवड्यागणिक आकडेही द्यावेत. पहिल्या आठवड्यातील खप कुतूहलाचा असतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो टिकला, तर लोक पुन्हा घेत आहेत असे म्हणता येते. तो उतरत गेला असेल, तर आधी चव, पाकिटाचा आकार किंवा किंमत तपासावी आणि सुपरमार्केटची भेट पुढे ढकलावी. यात्रा, प्रदर्शन किंवा बचत गटाच्या स्टॉलवरील विक्री या स्लाइडवर मिसळू नये, कारण तिथे विकणारा माणूस शेजारी उभा असतो आणि शेल्फवर तो नसतो.

टिकाऊपणा हिवाळ्यात मोजणे आणि खोके मोठे ठेवणे

जवसाच्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्लाचे प्रमाण फार असते, आणि हे तेल हवा, उजेड व उष्णता यांनी लवकर खवट होते. जवस दळून घातले तर ही क्रिया आणखी वेगाने होते, अख्खे दाणे बरेच अधिक टिकतात. डिसेंबरमध्ये बेकरीत ठेवलेले पाकीट ९० दिवस चांगले राहिले, म्हणून स्लाइडवर ९० लिहायचे आणि मेमध्ये पारा ४५ अंशांवर गेल्यावर पत्र्याच्या गोदामातून तेच पाकीट पाठवायचे, ही चूक विदर्भात महागात पडते. बिघाड ओळखणे अवघड नाही. पाकीट उघडताच जुन्या रंगासारखा वास येतो आणि जिभेवर मागाहून कडवट चव राहते, तर कुरकुरीतपणा शाबूत असतो. उलट पट्टी मऊ पडली आणि वास ठीक असेल, तर दोष तेलाचा नसून पाकिटाच्या सीलचा किंवा कमी भाजणीचा आहे. पहिल्या दोषावर धातूचा थर असलेला पाऊच, शक्य असल्यास नायट्रोजन भरणे आणि अख्खे जवस हे उपाय आहेत, दुसऱ्यावर सीलचे तापमान आणि भाजणी तपासावी.

चाचणीसाठी एकाच घाण्याची पाकिटे उन्हाळ्यात दोन ठिकाणी ठेवावीत: काही सावलीच्या दुकानात, काही टिनाच्या छताखाली. दर आठवड्याला प्रत्येकी एक उघडून तारीख आणि निरीक्षण लिहावे. जिथे आधी बिघडते त्या ठिकाणचा आकडा, थोडा राखून, पाकिटावर आणि स्लाइडवर सारखाच छापावा. समजा तो ६० दिवस आला. माल भट्टीतून निघून शाखेत पोहोचेपर्यंत दहा दिवस गेले, तर शेल्फसाठी ५० दिवस उरतात. आता ४८ पाकिटांचे खोके एका शाखेत गेले आणि खप आठवड्याला साडेसहाच राहिला, तर ते रिकामे व्हायला ५२ दिवस लागतील, म्हणजे शेवटची पाकिटे ठरलेलीच परत येणार. बारा पाकिटांचे खोके केले तर खर्च थोडा वाढतो, पण परतावा आटोक्यात येतो. चौथ्या स्लाइडवर हाच हिशेब दाखवावा, खरेदीदाराला तो फार आवडतो.

पाकिटावर न टिकणारा दावा स्लाइडवर करणे

ज्वारीत ग्लुटेन नसते, म्हणून "ग्लुटेनमुक्त" असे मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा मोह होतो. पण भारतीय नियमांनुसार हा शब्द वापरायला पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये, आणि त्याच टेबलावर, त्याच भट्टीत मैद्याचे टोस्ट होत असतील तर ते सांभाळणे जवळपास अशक्य आहे. "ज्वारी आणि जवसाची खारी पट्टी" एवढे पुरेसे आहे. पट्टीत गव्हाचे पीठ किंवा मैदा असेल, तर पाकिटावरील ॲलर्जीच्या सूचनेत गव्हाचा उल्लेख हवाच.

शेवटची स्लाइड "धन्यवाद" अशी ठेवणे

"सॅम्पल ठेवून जा, आम्ही कळवतो" हे उत्तर मिळते ते बहुतेक वेळा काही मागितलेलेच नसते म्हणून. सहाव्या स्लाइडवर असे लिहावे: तीन शाखा, प्रत्येकी बारा पाकिटांची दोन खोकी, एकूण ७२ पाकिटे, आठ आठवड्यांची चाचणी, दर पंधरा दिवसांनी फेरी. पहिल्या खेपेतील न खपलेला माल मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी कळवल्यास बेकरी बदलून देईल, त्यानंतर कळवलेला नाही. पुढील खेपांसाठी परतावा पाच टक्क्यांपर्यंतच. उधारीचे दिवसही येथेच लिहावेत, कारण ते तोंडी राहिले तर साठ-सत्तर दिवस लागतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. पहिल्या भेटीत कायद्याचे नाव घेण्यापेक्षा "बिलापासून ३० दिवस" एवढेच लिहावे आणि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असू द्यावा.