रील, कॅरोसेल, स्टोरी की साधी पोस्ट: कॅमेरा काढण्याआधीची तयारी

समजा, बारा जागांची कुंभारकामाची कार्यशाळा आहे आणि इन्स्टाग्रामवर तिची माहिती द्यायची आहे. नोंदणी शुक्रवारी बंद होणार. अशा वेळी बहुतेक जण आधी रील करायला घेतात आणि तारीख, शुल्क, पत्ता, साहित्य, सगळं तिच्यात कोंबतात. मीही हे केलंय. म्हणून आता सगळ्यात आधी कागदावर एकच क्रियापद लिहायचं: पाहणाऱ्याने नंतर काय करावं? थांबावं, जपून ठेवावं, की नाव नोंदवावं? एका कागदावर दोन क्रियापदं आली, तर त्या दोन पोस्ट आहेत असं समजायचं.

त्याच्या शेजारी दुसरी नोंद: हे कोणी पाहायचंय आणि किती दिवस? आपल्याला न ओळखणाऱ्यांपर्यंत जायचं असेल तर रील, कारण ती फॉलो न करणाऱ्यांनाही दाखवली जाते. पण ती कधीकधी आठवड्यांनंतर चालायला लागते. म्हणून रीलमध्ये तारीख टाकायची नाही. माझी एक रील कार्यशाळा उरकल्यावर पळायला लागली आणि रोज 'जागा आहे का?' असे मेसेज येत राहिले. तारीख कॅप्शनमध्ये असू दे, तिथे ती नंतर बदलता येते. व्हिडिओवर कोरलेली अक्षरं बदलता येत नाहीत. सुरुवातीला 'नमस्कार, आज आपण' नको. चाकावर उंच गेलेली भिंत डगमगते आणि बसते, तिथूनच उघडायचं. वीस सेकंदांच्या रीलचा सरासरी पाहण्याचा वेळ चार सेकंद दिसत असेल, तर शेवट सुधारत बसू नका, सुरुवात कापा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, तेव्हा मजकूर पडद्यावरही हवा. मात्र तो तळाशी नको, तिथे कॅप्शन येतं. उजव्या कडेलाही नको, तिथे बटणं असतात.

कॅरोसेलला मी सर्वात जास्त वेळ देते, कारण नोंदणीच्या आधी खरी अडचण तिथेच सुटते. आमच्याकडे ठरलेला प्रश्न असतो: 'भांडं त्याच दिवशी घरी मिळतं का?' नाही मिळत. आधी ते सावकाश सुकतं, मग पहिली भाजणी, मग ग्लेझ, मग दुसरी भाजणी. हे मी एकदा चाळीस सेकंदांच्या रीलमध्ये सांगितलं आणि खाली कमेंट आल्या, 'परत सांगा, फार पटकन गेलं.' ज्या गोष्टीला क्रम आहे आणि जिच्याकडे माणूस पुन्हा वळून येणार आहे, ती स्लाइडवर हवी. तिथे वेग वाचणाऱ्याच्या बोटात असतो. कॅरोसेलमध्ये वीसपर्यंत स्लाइड टाकता येतात, पण या कामाला सहा पुरल्या: प्रश्न, चार टप्पे आणि शेवटी 'येताना नखं कापून या, जुना टॉवेल आणा'. दुसरी स्लाइड एकटी वाचली तरी अर्थ लागला पाहिजे, कारण पहिली पाहून पुढे गेलेल्याला अॅप नंतर कधीकधी थेट दुसरीच दाखवतं. फोन हात लांब करून धरायचा. वाचता आलं नाही तर शब्द कमी करायचे. अक्षर बारीक करून जागा काढायची नाही. इथे लाइकपेक्षा सेव्ह आणि शेअर पाहा. पोच चांगली आणि सेव्ह जवळजवळ शून्य असतील, तर बहुधा विषय एका चित्रात मावणारा होता.

नाव नोंदवून घ्यायचं काम स्टोरीचं. ती मुख्यतः फॉलोअरच पाहतात, म्हणजे ज्यांना आपण कोण हे सांगावं लागत नाही. कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, स्टोरीतला लिंक स्टिकर दाबता येतो. चोवीस तासांत ती जाते, म्हणून 'चार जागा उरल्या' हे वाक्य तिथेच शोभतं. मी गुरुवारी सकाळी एक आणि शुक्रवारी दुपारी एक टाकते. साहित्याच्या यादीसारखं कायम लागणारं काही स्टोरीत असेल तर ते हायलाइटमध्ये ठेवायचं, जागांचा आकडा मात्र नाही.

साध्या पोस्टचं काम छोटं: तारीख, वेळ, ठिकाण, एक फोटो, आणि ती प्रोफाइलवर पिन. रील पाहून आलेला नवखा माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. तिला लाइक कमी आले म्हणून वाईट वाटून घेऊ नये, ती दारावरची पाटी आहे. मात्र कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवसाचा फोनमध्ये रिमाइंडर आत्ताच लावून ठेवा: 'पिन काढणे'. मागच्या खेपेला मी विसरले आणि दीड महिना प्रोफाइलच्या माथ्यावर उलटून गेलेली तारीख झळकत होती.