खूश क्लायंटकडून अभिप्राय कसा मागावा: त्याला फक्त 'चालेल' म्हणावं लागेल असा

नव्याने स्वतंत्र कामं घ्यायला लागलेली मंडळी मला एक गाऱ्हाणं हमखास सांगतात. क्लायंट कामावर खूश आहे, अभिप्राय मागितला तर "हो हो, नक्की देतो" म्हणाला, आणि त्यानंतर चिडीचूप. आता परत विचारायचं कसं, आणि मुळात तो खरंच खूश आहे का, अशी शंका मनात घर करते.

तो बहुतेक वेळा खरंच खूश असतो. अडचण वेगळीच असते. "दोन ओळी लिहून द्याल का?" हे विचारणाऱ्याला किरकोळ वाटतं, पण ज्याला लिहायचंय त्याच्यापुढे ते कोरं पान असतं. काय लिहू, किती लिहू, हे कुठे छापलं जाणार, माझं नाव येणार का, साहेबांना विचारावं लागेल का, असे पाच निर्णय त्या एका विनंतीत दडलेले असतात. ते घ्यायला आज वेळ नसतो, म्हणून काम उद्यावर जातं. नकार कुणी देत नाही, नुसतं राहून जातं. म्हणून मागण्याआधी यातले जितके निर्णय आपल्याला घेता येतील तितके आपण घेऊन टाकायचे.

मी लहान कारखान्यांसाठी मालाच्या साठ्याच्या नोंदी ठेवणाऱ्या एक्सेल शीट बनवून देतो. माझ्या कामातलंच एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे पद्धत कळेल.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे स्टोअर मॅनेजर नवीन शीट वापरायला लागले. काम हातात दिलं त्या दिवशी ते म्हणाले, "छान झालंय." हा अभिप्राय नाही, हा शिष्टाचार आहे. त्या दिवशी त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच, कारण शीट अजून वापरून झाली नव्हती. पहिली महिनाअखेर होऊन गेल्यावर त्यांचा भलत्याच कामासाठी फोन आला, आणि बोलता बोलता ते म्हणाले, "आधी मोजणीला दोन दिवस जायचे हो, आता दुपारपर्यंत उरकतं. आणि आकडा जुळला नाही तर कुठल्या रॅकवर गडबड आहे ते लगेच कळतं."

अभिप्राय तो हा. फोन ठेवल्या ठेवल्या मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, त्यातल्या 'हो'सकट. अशी वाक्यं फोनवर, व्हॉट्सअॅपवर, एखाद्या मेलच्या शेवटच्या ओळीत येत असतात आणि आपण "थँक यू सर" म्हणून पुढे जातो. यासाठी एक साधी फाइल ठेवा: तारीख, कोण म्हणालं, नेमके शब्द. संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं तर तुमचे शब्द उरतात, त्यांचे जातात.

मागायची वेळही यातच कळते. परिणाम दिसल्यावर आणि तो त्यांनी आपणहून बोलून दाखवल्यावर, एक-दोन दिवसांत. बिल पाठवलंय आणि पैसे यायचेत, त्या मधल्या काळात मागू नये, कारण तेव्हा दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते. त्यांची एखादी तक्रार किंवा दुरुस्ती बाकी असेल तर ती आधी मिटवावी.

त्या मॅनेजरसाहेबांना मी पाठवलेला मेल असा होता:

"नमस्कार सर,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, 'आधी मोजणीला दोन दिवस जायचे, आता दुपारपर्यंत उरकतं. आणि आकडा जुळला नाही तर कुठल्या रॅकवर गडबड आहे ते लगेच कळतं.' हे तुमचे शब्द मी माझ्या वेबसाइटवर, केलेल्या कामांच्या पानावर वापरले तर चालेल का?

खाली एवढंच लिहिन: 'स्टोअर मॅनेजर, वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी'. तुमचं किंवा कंपनीचं नाव येणार नाही.

काही बदलायचं असेल तर सांगा, तसं बदलतो. जसंच्या तसं ठीक असेल तर 'चालेल' एवढं उत्तर पुरे. आणि नको असेल तर निःसंकोच सांगा, आपल्या कामावर त्याचा काही परिणाम नाही."

यात त्यांना काहीही लिहायचं नाही. मजकूर त्यांचाच आहे, त्यामुळे "मी असं म्हणालो का?" हा प्रश्न येत नाही. जागा ठरलेली आहे, खाली काय येणार तेही ठरलंय. नावाच्या बाबतीत मी मुद्दाम कमीत कमी मागितलं. नोकरदार माणसाला स्वतःचे शब्द देताना अडचण नसते, कंपनीचं नाव देताना असते, कारण तो अधिकार बऱ्याचदा त्याच्याकडे नसतो. आपण कंपनीचं नाव मागितलं की तो वर विचारायला जातो, वरचा कायदा विभागाला विचारतो, आणि तुमच्या दोन ओळी तिथेच अडकतात. लोगो तर आणखी वेगळी गोष्ट. शब्दांना मिळालेली परवानगी लोगोला लागू होत नाही, ती स्वतंत्रपणे मागायची, आणि मोठ्या कंपनीकडून ती मिळेल अशी फारशी आशा ठेवायची नाही.

नकाराची वाट मोकळी ठेवणारं शेवटचं वाक्य काही जणांना खटकतं. "आपणच नाही म्हणायला सुचवतोय की!" माझं मत उलट आहे. ज्याला नाही म्हणायला जागा नसते तो उत्तरच देत नाही.

त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं: "चालेल. 'दोन दिवस' नको, 'दीड-दोन दिवस' करा. 'गडबड' काढा, वरचे लोक वाचतील, 'फरक' लिहा. माझं नाव टाकलं तरी हरकत नाही, कंपनीचं नको." बघा, कमी मागितल्यावर नाव आपणहून मिळालं. आणि 'दीड-दोन' हा बदल मला सोन्यासारखा वाटला, कारण असं वाक्य कुणी बनवून लिहीत नाही. 'गडबड' गेल्याचं थोडं वाईट वाटलं, पण तो शब्द त्यांचा होता, काढायचा हक्कही त्यांचाच. बदललेला मजकूर मी पुन्हा पाठवला, "असाच टाकतोय" एवढंच लिहून, आणि मगच वेबसाइटवर चढवला.

असं तयार वाक्य दरवेळी हाताशी नसतं. क्लायंट समाधानी आहे पण मितभाषी आहे, तेव्हा प्रश्न विचारावे लागतात. "काम कसं वाटलं?" विचारलंत तर "उत्तम" येईल, आणि 'उत्तम' वाचून कुणी फोन उचलत नाही. मी दोनच प्रश्न पाठवतो. पहिला, "आधी या कामात सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची होती?" दुसरा, "आता रोजच्या कामात नेमकं काय बदललं?" दोन उत्तरं एकापाठोपाठ ठेवली की अभिप्राय आपोआप उभा राहतो. जरा जवळीक असेल तर तिसरा विचारावा: "मला काम देण्याआधी मनात काही धाकधूक होती का?" याचं उत्तर सगळ्यात मोलाचं असतं. "आमच्या माणसांना कॉम्प्युटर जमेल का अशी भीती होती, पण आठवड्यात जमलं" असं कुणी म्हणालं, तर पुढच्या क्लायंटच्या मनातली तीच भीती तुम्हाला वेगळी काढावी लागत नाही. उत्तर लिहूनच हवं असा आग्रह नको. व्हॉइस नोट पाठवा म्हणायचं, ती आपण उतरवून घ्यायची आणि मजकूर दाखवायचा.

उतरवताना काय करायचं आणि काय नाही, हे इथे नीट समजून घ्या. अडखळणं, पुनरुक्ती, मधलं अवांतर काढायला हरकत नाही. वाक्यांचा क्रम बदलला तरी चालेल. पण न म्हटलेला आकडा, न वापरलेलं विशेषण, "सर्वांनी यांच्याकडूनच काम करून घ्यावं" छापाची शिफारस आपल्या पदरची घालायची नाही, क्लायंट सही करायला तयार असला तरी. "तुम्हीच लिहा हो काहीतरी, मी हो म्हणतो" असं सांगणारे भेटतात. तेव्हाही मी दोन प्रश्न फोनवर विचारतो आणि त्यांच्या उत्तरांतूनच लिहितो. न विचारता लिहिलेले अभिप्राय चटकन ओळखू येतात. पानावर पाच माणसं, पाचही एकाच सुरात बोलतात, आणि सगळ्यांच्या तोंडी 'वेळेत', 'दर्जेदार', 'व्यावसायिक' हे शब्द असतात. आपलं पान सलग मोठ्याने वाचून पाहा, एकच माणूस बोलतोय असं वाटलं तर वाचणाऱ्यालाही तसंच वाटणार.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने एकदा आठवण करा, तीही आधीच्यापेक्षा छोटी: "सर, मागच्या मेलमधलं ते वाक्य वापरू का? नको असेल तरी कळवा." त्यानंतरही शांतता असेल तर विषय सोडा. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, त्यामुळे तेवढ्यावर वाक्य छापू नका.

हे सगळं आपल्या वेबसाइटवर किंवा प्रस्तावात वापरायच्या अभिप्रायाबद्दल झालं. गूगलवरच्या रिव्ह्यूला ही पद्धत लागू पडत नाही. तिथे मजकूर ग्राहकाने स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा भेट देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि फक्त खूश असलेल्यांना निवडून मागणंही बसत नाही. तिथे मागायचं तर सगळ्यांना सारखंच मागायचं. लिंक्डइनवरची शिफारसही त्या माणसालाच लिहावी लागते. मात्र ती आपण स्वीकारेपर्यंत प्रोफाइलवर दिसत नाही, आणि त्याआधी एखादी चूक दुरुस्त करायची विनंती करता येते. तिथेही "शिफारस लिहा" एवढंच न पाठवता, कोणत्या कामाबद्दल आणि त्यातल्या कोणत्या भागाबद्दल लिहिलं तर बरं, हे एका ओळीत सांगितलं की लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं.

राहिली परवानगीची नोंद. 'चालेल' फोनवर मिळालं असेल तर त्याच दिवशी "बोलल्याप्रमाणे हा मजकूर वापरतोय" असा मेल टाकून ठेवा, आणि तो मेल त्या वाक्यांच्या फाइलमध्येच जोडा. पुढे कुणी "काढून टाका" म्हणालं तर कारण न विचारता काढायचं. आणि माणसाने नोकरी बदलली असेल तर अभिप्राय काढायची गरज नाही, पण हुद्द्याच्या आधी 'तत्कालीन' लिहा. वर्षातून एकदा पान उघडून प्रत्येक नावापुढचा हुद्दा तपासला की हे काम होऊन जातं.