फोटोतल्या तक्त्यावरून आणि आलेखावरून मध्यक व चतुर्थके कशी काढायची

परीक्षेच्या आदल्या रात्री भाचीचा व्हॉट्सअ‍ॅप आला. दोन फोटो होते. एकात वहीतला वर्गीकृत वारंवारता तक्ता, दुसऱ्यात आलेख कागदावर काढलेला त्याच माहितीचा संचित वारंवारता वक्र, म्हणजे ओजाइव्ह. खाली एक ओळ, "मामा, दोन्हीची उत्तरं जुळत नाहीयेत. आणि मध्यक नि तिसरं चतुर्थक एकाच वर्गात येतंय, काहीतरी चुकलंय ना?"

एकाच वर्गात येण्यात काही चूक नव्हती. चुका होत्या त्या दुसरीकडे, आणि सगळ्या फोटो वाचण्याच्या होत्या. सूत्र तिला पाठ होतं. म्हणून इथेही सूत्राला थोडी जागा देतो आणि फोटो वाचण्याला जास्त.

आधी आकडे नीट वाचले आहेत का ते बघा

उदाहरण एका सोसायटीतल्या ८० घरांच्या महिन्याच्या वीजवापराचं होतं, पूर्ण युनिटांत. आकडे सरावापुरते केलेले आहेत.

| युनिट | घरे | संचित |
|---|---|---|
| ५१–१०० | ७ | ७ |
| १०१–१५० | ११ | १८ |
| १५१–२०० | २० | ३८ |
| २०१–२५० | २४ | ६२ |
| २५१–३०० | १२ | ७४ |
| ३०१–३५० | ६ | ८० |

फोटोत तिसरा रकाना नव्हता, तो आपणच भरायचा असतो. वहीतले आकडे इंग्रजी होते आणि मैत्रिणीच्या हातचे. दुसऱ्या ओळीतले ११ भाचीने १७ वाचले. त्यामुळे तिची बेरीज ८६ झाली. प्रश्नात मात्र स्पष्ट लिहिलं होतं, ८० घरे.

फोटोवरून काम करताना पहिली पायरी हीच: वारंवारतांची बेरीज करा आणि ती दिलेल्या एकूण संख्येशी ताडून बघा. बेरीज जुळली नाही तर फरक किती आहे याकडे लक्ष द्या, कारण चूक कुठे आहे हे बहुतेक वेळा तोच सांगतो. इंग्रजी १ आणि ७ यांत गल्लत झाली की ६ चा फरक पडतो, ३ आणि ८ मध्ये ५ चा, ५ आणि ६ मध्ये १ चा. देवनागरी आकड्यांत १ आणि ९ ची गल्लत ठरलेली, फरक ८. इथे फरक ६ होता, म्हणजे ज्या आकड्यात ७ दिसतोय तिथे आधी बघायचं. असे दोन होते, पहिल्या ओळीतला ७ आणि दुसऱ्या ओळीतला १७. फोटो मोठा केल्यावर पहिल्या ७ ला मधली आडवी रेघ स्पष्ट दिसली. १७ च्या ७ ला ती नव्हती, तो नुसता डोकं वाकवलेला १ होता.

एवढ्याशा चुकीने किती बिघडतं ते बघा. १७ धरलं तर पहिलं चतुर्थक १०१–१५० या वर्गात जाऊन सुमारे १४३ येतं. खरं उत्तर १५५.५ आहे आणि ते पुढच्या वर्गात आहे.

वर्ग सलग आहेत का?

१०० ला एक वर्ग संपतो आणि १०१ ला दुसरा सुरू होतो. मधल्या फटीत कोणी राहत नाही, पण सूत्राला सलग वर्ग लागतात. म्हणून प्रत्येक वर्गाची खालची मर्यादा ०.५ ने कमी करायची आणि वरची ०.५ ने वाढवायची: ५०.५–१००.५, १००.५–१५०.५ असं. वर्गाची रुंदी ५० होते. ५१ ते १०० चा फरक ४९ येतो म्हणून ४९ धरणारे दर वर्षी भेटतात.

हे ०.५ डोळे मिटून लावू नका. वयाचे वर्ग '२०–२९ पूर्ण वर्षे' असे दिले असतील तर २९ वर्षे ११ महिन्यांचा माणूसही त्याच वर्गात असतो. तो वर्ग खरा २० ते ३० आहे, १९.५ ते २९.५ नाही. मोजणी जवळच्या पूर्णांकाला नेली आहे की खालच्या, हे बघून ठरवायचं. पाठ्यपुस्तकातल्या गणितांत सहसा ०.५ चालतं, खऱ्या माहितीत चालेलच असं नाही.

आता सूत्र

```
Q = L + ((k × N/4 − cf) / f) × h
```

पहिल्या चतुर्थकासाठी k = 1, मध्यकासाठी 2, तिसऱ्यासाठी 3. L म्हणजे तो वर्ग जिथे सुरू होतो ती सलग केलेली मर्यादा, cf म्हणजे त्याच्या आधीच्या वर्गापर्यंतची संचित वारंवारता, f त्या वर्गाची स्वतःची वारंवारता, h रुंदी, N म्हणजे सगळ्या वारंवारतांची बेरीज. वर्गीकृत माहितीत N/4 च घ्यायचं. N+1 चा हिशोब सुट्या, क्रमाने लावलेल्या संख्यांसाठी असतो.

वर्ग ओळखायचा तो असा: संचित रकान्यात वरून खाली या आणि हवी ती संख्या जिथे पहिल्यांदा गाठली किंवा ओलांडली जाते तिथे थांबा. N = ८०, म्हणून आपल्याला २०, ४० आणि ६० शोधायचे आहेत.

२० ही संख्या ३८ वाल्या ओळीत ओलांडली जाते. आधीच्या वर्गापर्यंत १८ घरं झाली, अजून २ हवीत, आणि या वर्गात आहेत २०. म्हणजे वर्गाचा दहावा भाग चालून जायचं, ५० चा दहावा भाग ५. उत्तर १५०.५ + ५ = १५५.५.

४० आणि ६० दोन्ही ६२ वाल्या ओळीत सापडतात. मध्यकासाठी ३८ च्या पुढे २ घरं: २००.५ + (२/२४) × ५० = २०४.६७. तिसऱ्या चतुर्थकासाठी ३८ च्या पुढे २२ घरं: २००.५ + (२२/२४) × ५० = २४६.३३. एका वर्गात २४ घरं दाटीने बसली आहेत, म्हणून दोन्ही तिथेच आली. भाचीला एवढं सांगितल्यावर तिचा अर्धा जीव भांड्यात पडला.

आलेखाचा फोटो

आलेख वाचायला घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. वक्र डावीकडून उजवीकडे चढतोय की उतरतोय? चढत असेल तर तो 'पेक्षा कमी' प्रकारचा. उतरत असेल तर 'पेक्षा जास्त' प्रकारचा, आणि त्यात पहिलं चतुर्थक ६० च्या उंचीवर मिळतं, तिसरं २० च्या. दुसरं म्हणजे आडव्या अक्षाच्या सुरुवातीला नागमोडी खूण आहे का. असेल तर अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. तिसरी गोष्ट भाचीला नडली: N अक्षावर वाचायचा नाही, वक्राच्या टोकावर वाचायचा. उभ्या अक्षावर आकडे १०० पर्यंत लिहिले होते, वक्र मात्र ८० ला संपत होता. तिने ५० च्या उंचीवरून रेघ मारली आणि मध्यक २२५ काढला, खऱ्यापेक्षा वीस युनिट जास्त. अक्षावर टक्के लिहिले असतील तरच २५, ५०, ७५ घ्यायचे.

आता फोटोचा तिरकेपणा. वही टेबलावर ठेवून समोरून फोटो काढला की पानाचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब जातो आणि तिथले चौकोन दबतात. स्क्रीनवर पट्टी ठेवून मोजलं की चूक ठरलेली. कागदावर छापलेल्या रेघा दिसत असतील तर पट्टी विसरा. २० च्या खुणेपासून निघणारी छापील रेघ बोटाने वक्रापर्यंत नेत जा, तिथून खाली जाणारी छापील रेघ पकडा आणि छोटे चौकोन मोजा. कागद वाकडा दिसला तर रेघाही त्याच्याबरोबर वाकड्या दिसतात, म्हणून मोजणी बरोबर राहते.

रेघा दिसत नसतील, म्हणजे पुस्तकातली साधी आकृती असेल, तर फोटो एडिट करताना चार कोपरे ओढून पान सरळ करा, किंवा मुळातच डॉक्युमेंट स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपने फोटो घ्या. मग पिक्सेल दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये खुणांच्या जागा नोंदवा. पिक्सेलच्या ओळी वरून खाली मोजल्या जातात हे लक्षात असू द्या.

समजा ० ची खूण १८४० व्या ओळीवर आहे आणि ८० ची २४० व्या. अंतर १६००, म्हणजे एका घराला २० पिक्सेल. वाचायच्या आधी मधली ४० ची खूण तपासा, ती १०४० ला हवी. तिथेच असेल तर फोटो सरळ आहे. ती १००० ला सापडली तर वरचा भाग दबलेला आहे आणि साधा गुणाकार चालणार नाही. तशा फोटोत १४४० व्या ओळीला २० समजून वाचलं तर प्रत्यक्षात आपण १९ च्याही खाली असतो, आणि चतुर्थक तीनेक युनिटांनी कमी येतं.

फोटो सरळ असेल तर २० ची ओळ १८४० − ४०० = १४४०. तिथे वक्र ९८३ व्या स्तंभात आहे असं धरा. आडव्या अक्षावर १५० ची खूण ९५५ ला आणि २०० ची १२०५ ला, म्हणजे २५० पिक्सेलमध्ये ५० युनिट. ९५५ च्या पुढे २८ पिक्सेल म्हणजे ५.६ युनिट, उत्तर १५५.६. इथेही अक्षाची दोन टोकं न घेता लगतच्या दोन खुणा घ्याव्यात, थोडा तिरकेपणा उरला असेल तरी त्याचा परिणाम कमी होतो.

किती फरक चालेल?

वक्र जिथे उभा चढतो तिथे वाचन भरवशाचं, जिथे आडवा होतो तिथे नाही. पहिल्या चतुर्थकाजवळ ५० युनिटांत २० घरं चढतात, म्हणजे उंची वाचताना एका घराची चूक झाली तर उत्तरात २.५ युनिटांचा फरक पडतो. शेवटच्या वर्गात ५० युनिटांत फक्त ६ घरं आहेत, तिथे तीच चूक आठ युनिटांच्या वर जाते. शिवाय बिंदू हाताने गोलाईत जोडले असतील तर उत्तर सूत्राशी तंतोतंत जुळणार नाही, कारण सूत्र दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ धरतं. १५५.५ च्या जागी १५४ किंवा १५७ आलं तर हरकत नाही.

तिन्ही उत्तरं सारखीच २५ च्या आसपास सरकलेली दिसली तर बिंदू वर्गाच्या वरच्या मर्यादेऐवजी वर्गमध्यावर काढले आहेत असं समजा. वरच्या मर्यादेपेक्षा वर्गमध्य अर्ध्या रुंदीने अलीकडे पडतो म्हणून वक्र आख्खा डावीकडे सरकतो. असा वक्र कितीही नीट वाचला तरी तक्त्याशी जुळणार नाही. तो परतच काढावा लागतो.

शेवटचा वर्ग '३०० पेक्षा जास्त' असा उघडा असेल तरी घाबरू नका. त्याची रुंदी फक्त तेव्हाच लागते जेव्हा एखादं चतुर्थक त्याच वर्गात येतं. इथे ६० ची संख्या त्याच्या दोन वर्ग आधीच सापडते.