जुन्या डब्बा टीव्हीला नवा सेटटॉप बॉक्स कसा जोडायचा: घरच्या म्हाताऱ्यांसाठी, चित्रासकट

पोट्टे नागपूर-पुण्याले नोकरीवर, घरी आजी-आबाजी अन् तो मागून फुगलेला जुना टीव्ही. नवा बॉक्स आणून देणारा डिश बसवून निघून जातो, मग महिनाभरानं झाडलोट करताना वायर निघाली की फोन सुरू. हे त्यांच्यासाठीच लिहिलंय. खालची दोन चित्रं मोठ्या कागदावर स्केचपेननं रंगात काढा अन् टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवा, मोबाईलवर फोटो पाठवून म्हाताऱ्या डोळ्यांना काही उपयोग होत नाही.

हात लावायच्या आधी बॉक्स अन् टीव्ही दोन्हीचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं रिमोटनं बंद केलं तर चालत नाही. डिशकडून येणाऱ्या काळ्या वायरमधून बॉक्सच वर छत्रीला 13 ते 18 व्होल्ट करंट पाठवत असतो, चालू असताना ती वायर काढघाल केली अन् मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होऊन बॉक्स खराब होऊ शकतो.

```
चित्र १
              बॉक्स (मागून)      टीव्ही (मागून)
डिश ══════> LNB IN
            पिवळं  ●───────────● पिवळं  AV IN
            पांढरं  ●───────────● पांढरं
            लाल    ●───────────● लाल (भोक नसेल तर सोडा)
```

काळी वायर बॉक्सच्या LNB IN लिहिलेल्या आटेवाल्या तोंडावर हातानंच फिरवून बसवा, पक्कड नको. मधली तांब्याची तार थोडी बाहेर दिसली पाहिजे अन् जाळीचा एक केसही तिला लागलेला नको. ही वायर सरळ टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात खुपसून काही होत नाही, ती बॉक्सचीच आहे.

मग तीन रंगांची वायर. पिवळ्यातून चित्र जातं, पांढऱ्या अन् लालमधून आवाज, म्हणून रंगाला रंग लावायचा. पुष्कळ जुन्या टीव्हीला एकच स्पीकर असतो अन् मागं पिवळं-पांढरं असे दोनच भोकं असतात, तेव्हा लाल पिन लोंबकळू द्या, आवाज येतो. पिवळी पिन चुकून पांढऱ्यात गेली तर चित्र येत नाही अन् घूंऽऽ असा घरघराट येतो, त्यावरून लगेच समजते.

काही बॉक्सला तीन भोकांऐवजी मोबाईलच्या हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं. त्याची वायर बॉक्सच्या खोक्यातच येते, तीच वापरा, कारण अशा वायरींची आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते अन् दुसऱ्या बॉक्सची लावली तर पिवळ्याच्या जागी लालमधून चित्र येतं असले प्रकार होतात.

आता प्लग लावा, दोन्ही चालू करा. इथूनच खरी भानगड सुरू होते, कारण वायर बरोबर असली तरी टीव्ही अजून अँटेनाच पाहत बसलेला असतो. टीव्हीच्या रिमोटवर (बॉक्सच्या नाही) AV किंवा TV/AV असं बटन असते, ते एकेकदा दाबत जा, पडद्याच्या कोपऱ्यात AV दिसलं की थांबा. रिमोट हरवला असेल तर टीव्हीच्या समोरच्या झाकणामागची बटनं पाहा, तिथं TV/AV नसलं तर चॅनल खाली-खाली आणत एकच्या खाली जा, बऱ्याच टीव्हीत तिथं AV लागते.

चित्र नाही आलं तर एकच गोष्ट करा: बॉक्सच्या रिमोटवरचं MENU दाबा.

```
चित्र २
बॉक्सच्या रिमोटचं MENU दाबलं
   │
   ├── मेनू दिसला   → पिवळी वायर बरोबर. भानगड डिशकडे.
   │
   └── मुंग्या / निळा → भानगड बॉक्स अन् टीव्हीच्या मध्ये.
       पडदा             वायर पाहा, AV दाबा.
```

कोण बोलून राहिलं हे ओळखायचं, बस. मुंग्या किंवा कोरा निळा पडदा म्हणजे टीव्ही सांगून राहिला की मला कोणी काही देतच नाही. "No Signal" असं नीट चौकटीत, बॉक्सवाल्याच्या नावासकट आलं, तर ते बॉक्स बोलून राहिला, म्हणजे बॉक्सपासून टीव्हीपर्यंत सगळं ठीक आहे, छत्री हलली असेल नाहीतर तिची वायर ढिली असेल. म्हातारे लोक फोनवर "टीव्ही दिसत नाही" एवढंच सांगतात अन् इकडून पोरगं छत्रीवाल्याला पाठवते, तो येण्याचे पैसे घेते अन् निघते काय, तर पिन ढिली.

आमच्या आर्वीकडच्या काकाजींचंच घ्या. फोनवर म्हणे, "निळंच दिसून राहिलं बाप्पा, सगळं रंगाले रंग लावलं ना." मेनू दाबा म्हटलं, तरी निळंच. म्हणजे डिशचा विषयच संपला. मग त्यांना टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागं वाचायला लावलं, तर तिथं पिवळ्या भोकांच्या दोन रांगा, एकीवर AV IN अन् दुसरीवर AV OUT, पिना लावलेल्या OUT मध्ये. OUT म्हणजे टीव्हीतून बाहेर जाणारं, आपल्याला IN पाहिजे. बदललं तर चित्र आलं, पण काळं-पांढरं. बॉक्सच्या मेनूत सेटिंगमध्ये व्हिडिओ स्टँडर्ड NTSC वर होतं, आपल्याकडचे जुने टीव्ही PAL चे, ते PAL केल्याबरोबर रंग आले. त्याच मेनूत स्क्रीनचा आकार 16:9 असला तर 4:3 करून घ्या, नाहीतर माणसं लांबट दिसतात किंवा बाजूचं कापलं जाते. (टीव्हीमागं हिरवं-निळं-लाल अशी वेगळी रांग असली तर तिच्यात ही पिवळी लावू नका, तिथंही चित्र बेरंगच येते.)

दोन ठिकाणी मात्र नुसत्या वायरीनं भागत नाही. नव्या बॉक्सला फक्त चपटं HDMI भोक असेल तर मध्ये एक छोटी डब्बी लागते. दुकानात "HDMI to AV" असंच म्हणून मागा, कारण "AV to HDMI" वाली दिसायला अगदी तशीच असते अन् उलटं काम करते. घ्यायच्या आधी पाहा, HDMI च्या भोकाजवळ INPUT लिहिलेलं पाहिजे. तिला मोबाईलच्या चार्जरवरून करंट द्यावा लागते, अन् अंगावर PAL/NTSC चा बारीक खटका असला तर तो PAL कडे करा. दुसरं, टीव्हीला AV चे भोकंच नसतील, फक्त अँटेनाचं असेल, तर आरएफ मॉड्युलेटर नावाची डब्बी घ्यावी लागते अन् मग टीव्हीत चॅनल शोधून ठेवावा लागते. पिवळी पिन अँटेनाच्या भोकात बसवून देणारा नुसता पितळी तुकडा कोणी विकला तर घेऊ नका, त्यानं काही होत नाही.

सगळं लागल्यावर पिनांवर सेलोटेप फिरवा अन् टीव्हीच्या रिमोटवरच्या AV बटनावर आजीच्या टिकलीच्या पाकिटातली एक लाल टिकली चिकटवा. आपल्याकडं दिवसातून दोनदा लाइन जाते, ती आली की काही टीव्ही पुन्हा अँटेनावर उघडतात अन् मुंग्या दिसतात. तेव्हा मागं हात घालायची गरज नाही, लाल टिकली दाबायची.