पुरासाठी भरून ठेवलेली पिशवी ऐनवेळी का फसते? या चुका टाळा

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिकमध्ये सगळ्यांचं लक्ष रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे जातं. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पुराची चर्चा होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठाने मोठे पूर पाहिले. तेव्हापासून काठावरच्या अनेक घरांत कागदपत्रं, औषधं, टॉर्च, पाणी आणि पॉवर बँक घातलेली पिशवी तयार असते. पण एकदा भरून माळ्यावर टाकलेली पिशवी वर्षभरात आतून निकामी होते, आणि बाहेरून ते अजिबात कळत नाही.

पंचवटीतलं चार जणांचं घर धरू. नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि मधुमेह व बीपी असलेली आजी. जूनमध्ये भरलेली त्यांची पिशवी पुढच्या जुलैत उघडून पाहिली, तर काय सापडेल?

आधी औषधं, कारण सगळ्यात मोठी गडबड तिथेच असते. मेडिकलवाल्याने दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून चार कापून दिलेल्या असतात, आणि एक्सपायरीची तारीख नेमकी दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असते. हातात उरतात चार पांढऱ्या गोळ्या. त्या बीपीच्या की साखरेच्या, हे अंधारात कुणी सांगायचं? म्हणून पिशवीसाठी अख्खी स्ट्रिप घ्या, निदान सात दिवस पुरेल इतकी. दुसरी चूक जास्त घातक आहे: मधल्या काळात डॉक्टरांनी डोस बदललेला असतो आणि पिशवीत जुनाच पडलेला असतो. यावर उपाय म्हणजे पिशवीतली औषधं पडून राहू द्यायचीच नाहीत. दर महिन्याला नवीन स्ट्रिपा आणल्या की त्या पिशवीत ठेवायच्या आणि पिशवीतल्या काढून रोजच्या डब्यात टाकायच्या. डोस बदलला, तर त्याच दिवशी पिशवीही बदलायची. सोबत ताज्या प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स हवीच.

आजी इन्सुलिन घेत असेल, तर न उघडलेलं इन्सुलिन आधीपासून पिशवीत ठेवू नका. ते फ्रिजमध्येच राहू द्या आणि पिशवीच्या बंदावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधा: ‘फ्रिजमधलं इन्सुलिन घ्या’. निघताना ते ओल्या फडक्यात गुंडाळून न्यावं. बर्फाला थेट चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. सिरिंज किंवा पेनच्या सुया मात्र पिशवीत आधीच असू द्या.

पॉवर बँक पडून राहिली तरी हळूहळू उतरते, आणि तापलेल्या पत्र्याखालच्या माळ्यावर तिचं आयुष्य लवकर संपतं. खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं, तरी व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत काही भाग जातो, त्यामुळे हाती साधारण ६,०००च्या आसपास येतात. म्हणजे ५,००० एमएएचचा एक फोन एकदा पूर्ण भरेल आणि थोडंसंच उरेल. घरात तीन फोन असतील, तर बाकीचे बंद ठेवून एकच चालू ठेवायचा, हे आधीच ठरवा. नुसते चार दिवे पेटतात म्हणून विश्वास ठेवू नका. वीस टक्क्यांवर आलेला फोन लावून बघा. तो भरायच्या आतच बँक संपली, तर ती थकली आहे. पोट फुगलेली पॉवर बँक तर घरातही ठेवू नये. आणि केबल तुमच्या आत्ताच्या फोनची आहे ना? फोन बदलतो, पिशवीतली केबल जुनीच राहते.

टॉर्चमध्ये सेल घालून ठेवले तर काही महिन्यांनी ते गळू शकतात. टोकाला पांढरी-हिरवट भुकटी दिसली, की तो टॉर्च बहुतेक गेला. सेल वेगळ्या पिशवीत, टॉर्चलाच रबरबँडने बांधून ठेवा.

पाण्याचा प्रश्न वजनाचा आहे. माणशी दिवसाला तीन लिटर धरले, तर चौघांचे बारा लिटर, म्हणजे बारा किलो झाले. एवढं घेऊन आजीला जिन्यावरून उतरवणं जमणार नाही. पाठीवरच्या पिशवीत माणशी एक लिटरची बाटली ठेवा, बाकीचं पाणी दाराशी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. हात मोकळा असेल तर तो कॅन घ्या, नसेल तर सोडा. प्यायचं पाणी संपलं तरी पुराचं पाणी तोंडाला लावू नका, त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं.

कागदपत्रांत मूळ प्रती आणि झेरॉक्स एकाच पाकिटात ठेवणं ही नेहमीची चूक. पाकीट भिजलं की दोन्ही गेलं. आधार, रेशनकार्ड, विमा पॉलिसी, बँक पासबुक आणि घराचे कागद दुहेरी झिप पाऊचमध्ये घाला, झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे द्या. डिजिलॉकरवर असलेली प्रत चालते, पण पुरात नेटवर्क गेलं तर ती उघडणार नाही. पीडीएफ फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. चार महत्त्वाचे फोन नंबर आणि ११२ मात्र कागदावर पेन्सिलीने लिहा, कारण जेल पेनची शाई पाण्याने पसरते.

पिशवी उघडून बघायची वेळ पाऊस सुरू होण्याआधीची, म्हणजे मेअखेरची. माळ्यावरून काढून ती दाराशेजारी टांगा आणि खुर्चीवर न चढता मुलीच्या हाताला लागते का, ते पाहा.