फॅमिली ग्रुपवरचा फोटो भिंतीवर लावताय? या चुका टाळा

आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं झाली तेव्हा कार्यक्रमातला सगळ्या घराचा एक फोटो मोठा करून, फ्रेम करून त्यांना द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलं. फोटो भाच्याच्या मोबाइलवर काढलेला होता. मी तो व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवरून उतरवून घेतला आणि १२ बाय १८ इंच, ग्लॉसी, असं सांगून लॅबला पाठवला. प्रिंट आली तेव्हा आईच्या पैठणीच्या पदरावरचे मोर म्हणजे नुसते हिरवट डाग दिसत होते. मागच्या रांगेतल्या काकांचं कपाळ वरून कापलं गेलं होतं आणि चेहरे मोबाइलवर दिसत होते त्यापेक्षा काळवंडले होते. पुढे ती चिपळूणच्या घरी ओटीवर टांगली, तर दुपारभर काचेत समोरच्या दाराचा उजेडच दिसायचा. या चारही दोषांची कारणं वेगवेगळी आहेत, आणि चारही छापण्याआधी लक्षात येऊ शकतात.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक फाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. माझ्याकडे आलेला १६०० बाय १२०० पिक्सेलचा होता. मोबाइलवर फोटोचे तपशील उघडले की हे आकडे दिसतात. त्यातला मोठा आकडा प्रिंटच्या लांबीने भागायचा: १६०० भागिले १८, म्हणजे इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल. भिंतीवरचा फोटो आपण चार-पाच फुटांवरून बघतो, तिथे इंचाला १५० असले तरी चांगलं दिसतं. टेबलावर ठेवायच्या किंवा हातात धरून बघायच्या ५ बाय ७ च्या भेटीसाठी मात्र २५० ते ३०० हवेत. पण ८९ मध्ये पैठणीची नक्षी मावतच नाही.

भाच्याच्या मोबाइलमधला मूळ फोटो ४०३२ बाय ३०२४ चा होता. तोच त्याने ग्रुपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा आला असता. एक गैरसमज इथेच दूर करते. सॉफ्टवेअरमध्ये डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके छापायचे त्याचा आकडा नुसता ७२ चा ३०० केला तर फोटोत काहीही वाढत नाही, मोजायचे ते पिक्सेलच. आणि प्रिंट धूसर आली तर दोष नेमका कुठला हेही ओळखता येतं. केस एकमेकांना चिकटवल्यासारखे दिसत असतील, कडांभोवती बारीक चौकटी-चौकटी असतील, तर फाइल दाबली गेली आहे. मूळ फोटो मिळवा. कडा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील तर फोटो काढताना हात हलला आहे. मग मूळ फाइल मिळवूनही उपयोग नाही, प्रिंट लहान काढणं हाच मार्ग.

काकांचं कपाळ कापलं गेलं ते आकाराच्या प्रमाणामुळे. मोबाइलचा फोटो सहसा ४:३ असतो आणि १२ बाय १८ हा कागद ३:२. आमचा फोटो १८ इंच रुंद केला तर उंची साडेतेरा इंच होते, कागद मात्र १२ इंचांचा. वरखाली मिळून दीड इंच जाणारच, आणि ग्रुप फोटोत तिथे कोणाचं तरी डोकं किंवा पाय असतातच. ४ बाय ६, ८ बाय १२, १६ बाय २४ यांचंही तेच, कारण सगळे ३:२. मोबाइलच्या फोटोला ६ बाय ८ किंवा १२ बाय १६ चपखल बसतं. तुमच्या लॅबकडे १२ बाय १६ नसेल तर १२ बाय १८ च्या कागदावरच दोन्ही बाजूंना एकेक इंच पांढरी पट्टी सोडून छापायला सांगा आणि ती कापून टाका. फ्रेम आपण मापानेच बनवून घेतो, त्यामुळे काही अडत नाही. फ्रेमची खाच चारही बाजूंनी थोडा फोटो झाकते हेही धरून चाला. अगदी कडेला कोणाचा चेहरा असेल तर सावध राहा.

काळवंडलेल्या चेहऱ्यांचं मूळ आपल्याच हातात असतं. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. पूर्ण ब्राइटनेसवर छान वाटणारा फोटो म्हणून कागदावर मंद दिसतो. ऑटो ब्राइटनेस बंद करून पडदा निम्म्यावर आणा आणि फोटो बघा. चेहरे अंधारे वाटले तर ते थोडे उजळा, पण पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या पुसल्या जाणार नाहीत इतपतच. मग लॅबला ‘करेक्शन करू नका’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर मशीन फोटोतला एकूण उजेड बघून आपल्या मनाने फेरफार करतं. मागे पांढरा पडदा जास्त असेल तर सगळंच गडद करून ठेवतं.

फिनिश ठरवताना बहुतेक जण काउंटरवरचे नमुने हातात घेऊन बघतात आणि ग्लॉसी निवडतात, कारण त्यात काळा रंग खोल आणि रंग टवटवीत दिसतात. पण फोटो काउंटरवर राहणार नसतो. जिथे टांगायचा ती भिंत दिवसा बघा. समोर दार किंवा खिडकी असेल तर ग्लॉसी नको. मॅटवर चमक येत नाही, पण गडद रेशीम जरा राखाडी दिसतं. माझी पसंती या दोन्हींच्या मधल्या, लस्टर फिनिशला आहे. त्याच्या बारीक खरखरीत पोतामुळे चमक फुटते, रंग टिकतात आणि चारचौघांत हातोहात फिरणाऱ्या भेटीवर बोटांचे ठसे उमटत नाहीत. अर्थात वर साधी काच घातली तर काच चमकणारच. फोटो खोलीतच असेल आणि धुळीचा, हाताळण्याचा त्रास नसेल तर लस्टर प्रिंट लॅमिनेट करून, काचेशिवाय फ्रेम करता येते. चमक न येणारी खरखरीत काचही मिळते, पण ती फोटोला टेकलेली असेल तरच चित्र स्पष्ट दिसतं. अंतर पडलं की धुकं आल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या खेपेला मी आधी एक तुकडा छापून घेतला, आणि आता प्रत्येक मोठ्या प्रिंटआधी तेच करते. मूळ फाइल १८ इंचांवर नेली तर इंचाला २२४ पिक्सेल पडतात, १६ इंचांवर २५२. म्हणून १६ इंच धरून, ६ बाय ४ इंचांचा तुकडा म्हणजे १५१२ बाय १००८ पिक्सेलचा भाग कापला. त्यात आईचा चेहरा आणि पदर दोन्ही येतील असं पाहिलं आणि ४ बाय ६ च्या एका लस्टर प्रिंटच्या खर्चात तो छापून आणला. पूर्ण फोटो लहान करून छापला तर ही परीक्षा होत नाही, कारण लहान आकारात सगळंच रेखीव दिसतं. तुकडा ओटीवरच्या भिंतीला चिकटवून सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात बघितला. पदरावरचे मोर ओळखू येत होते, फक्त चेहरे अजून किंचित उजळायला हवे होते. ते केलं आणि १२ बाय १६ छापलं. लहान आणि मोठी प्रिंट काही लॅबमध्ये वेगवेगळ्या मशीनवर निघते, त्यामुळे रंगात थोडा फरक पडू शकतो. रेखीवपणाचा आणि उजेडाचा अंदाज मात्र पक्का मिळतो.

फ्रेमवाल्याकडे एवढंच पाहा की काच फोटोला थेट टेकत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेत फोटोचा पृष्ठभाग मऊ होऊन काचेला चिकटतो आणि ओले डाग पडल्यासारखे चट्टे दिसू लागतात. मधे जाड कागदाचं माउंट घातलं की अंतर राहतं. दोन इंचांचं माउंट घेतलं तर १२ बाय १६ चा फोटो साधारण १६ बाय २० च्या फ्रेममध्ये जातो. अशा फ्रेमला खरखरीत काच मात्र लावू नका, वर सांगितलेलं धुकं येईल. जुना फोटो आधीच काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढू नका, रंगाचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करून घ्या आणि नवी प्रिंट काढा.